प्लेटवरचा रंग

मास्तरांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळा रंग होता. नुसती नखाची कड काळी असती तर ते रोजचंच म्हणता आलं असतं. पण हा रंग नखाच्या मुळापर्यंत गेला होता, बोटांच्या पेरांवरच्या रेघांत बसला होता आणि मनगटाच्या आतल्या बाजूला त्याचा एक वाळलेला ओघळ होता. कडांना तो पुसट झाला होता, म्हणजे रॉकेलने घासून झालं होतं. डांबरी रंग तसाच असतो, कातडीला धरून बसतो.

त्यांच्या मुलीने ते पाहिलं आणि चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

चुकार वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगच्या खड्ड्यात डांबरी रंग लागतो, नाही असं नाही. जमिनीत पुरायच्या लोखंडी प्लेटला पट्टी जिथे नट-बोल्टने आवळतात, त्या सांध्यावर तो लावायचा, ओल लागून सांधा गंजू नये म्हणून. तेवढ्याला दाढीचा ब्रश पुरतो. मनगटापर्यंत हात भरायचं कारण नाही. एवढा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बाजूला सारला. गेले कित्येक महिने ती असे विचार बाजूला सारत होती. आता बाजूलाही जागा उरली नव्हती.

“शिवणवाल्या बाईंचा खड्डा भरला काल,” मास्तर चहा फुंकत म्हणाले. “झकास झालाय. तू आज मोजून घे आणि सही करून टाक. बाई घायकुतीला आल्यात.”

“तुम्ही येता?”

“येतो की. माझं काम आणि मीच नको?”

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. ते वायरमन होते. पण आसपासचे निम्मेअधिक वायरमन त्यांच्या हाताखाली पक्कड धरायला शिकले होते, म्हणून ते मास्तर. विजेच्या सामानाचं दुकान त्यांनीच उभं केलं. मुलगी विज्ञान शिकली, प्रयोगशाळेत काही वर्षं काढली, मग सुपरवायझरची परीक्षा देऊन दुकानात येऊन बसली. कामाचं बघणं मास्तरांचं, मोजणं आणि चाचणीच्या कागदावर सही करणं तिचं. दुकानाच्या मागच्या बाजूला ओळीने उभे केलेले पाइप, भिंतीला टेकवलेल्या प्लेटा, लाकडी कोळशाची पोती आणि जाड्या मिठाची पोती असत. नवा माणूस शिकायला आला की मास्तर त्याला तिथे नेऊन उभा करत आणि सांगत, “पाइप पाणी नेतो. कोळसा पाणी धरून ठेवतो. मीठ त्या पाण्यातून विजेला वाट करून देतं. आणि प्लेट सगळ्यांचं ऐकून घेऊन जमिनीला सांगते. चौघांतला एक जरी रुसला, तरी संसार मोडला.” ती लहान असल्यापासून हे ऐकत आली होती. प्रयोगशाळेत बसून तिला त्यात एक चूक सापडली नव्हती.

चुका अलीकडे दुसरीकडे सापडत होत्या. हातात पक्कड धरून पक्कड शोधणं, हे काखेत कळसा आणि गावाला वळसा सगळ्यांचंच होतं, त्यावर घरातले सगळे हसले होते, मास्तरही. पण एका घरात त्यांनी दिव्याचं बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलवर बसवलं. दिवा लागत होता, विझत होता, सगळं नीट दिसत होतं, फक्त विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज तशीच होती. ती दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गेली आणि बदलून आली. नंतर एकदा ते एकाच कामावर मिठाचं पोतं सकाळी पोचवून आले आणि दुपारी पुन्हा घेऊन गेले, आणि सकाळचं पोतं तिथे बघून घरमालकावरच उखडले.

तिने ठरवलं होतं. बाबांनी आता काम थांबवायचं. ठरवून बरेच दिवस झाले होते. मनात तिने ते वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने रचून पाहिलं होतं. ‘थोडी विश्रांती घ्या.’ ‘मी आहे ना, मी बघते.’ ‘नुसतं देखरेखीला या.’ प्रत्येक वाक्य इतकं मऊ होत जाई, की शेवटी त्यात काही उरतच नसे. विश्रांती घ्या म्हटलं तर मास्तर रविवारी दोन तास जास्त झोपले असते आणि सोमवारी शिडीवर चढले असते.

आईचं म्हणणं वेगळंच. “हे काम होऊ दे, मग बोल,” असं ती म्हणे. एक काम व्हायचं, दुसरं यायचं. “घरी बसवलेला माणूस आणि बंद पडलेलं यंत्र, दोन्ही गंजतात. तुला काय, तू बोलून दुकानात जाशील. दिवसभर त्यांच्या तोंडाकडे मी बघायचं.”

आता शिवणवाल्या बाईंचं काम झालं होतं, आणि त्याच्या पाठीवर बाळंतिणींच्या एका छोट्या दवाखान्याचं काम मास्तरांनी परस्पर घेऊन ठेवलं होतं.

*

शिवणवाल्या बाईंचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पुढच्या खोलीत शिवणयंत्रं यायची होती, मागच्या खोलीत संसार. भिंतींना अजून गिलावा व्हायचा होता, पण बाईंनी पहिली गोष्ट सांगितली होती ती अर्थिंगची. “आधी जमिनीत काय घालायचं ते घाला, मग भिंतीवर काय लावायचं ते लावा,” असं त्या दुकानात येऊन म्हणाल्या होत्या. त्यांच्या डाव्या तळहातावर एक गुळगुळीत पांढुरका डाग होता. भाड्याच्या खोलीत एकदा ओल्या कापडावर जड इस्त्री फिरवताना इस्त्रीच्या अंगात वीज उतरली आणि हात सुटेना. सासूबाईंनी लाकडी पट्टीने हात झटकला म्हणून त्या वाचल्या. तेव्हापासून इस्त्री बघितली की आधी त्यांची नजर तिच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या तारेकडे जाई.

“या ताई, या मास्तर,” बाई म्हणाल्या. “सगळं झालं ना? सही झाली की मी मशीन इकडे आणते. घरमालकाने खोली सोडायला सांगितलीय.”

“मोजते आणि सांगते,” ती म्हणाली.

खड्डा कुंपणाच्या भिंतीलगत होता. वर विटांचं छोटं चौकोनी चेंबर, त्यावर झाकण, आत पाइपच्या तोंडाला बसवलेलं नरसाळं आणि बाजूने वर आलेली पट्टी. सगळं रेखीव. मास्तरांच्या हाताला रेखीवपणा अजून होता. तिने पट्टीला जोडलेली घराकडची तार सोडवली, अर्थ टेस्टरची एक वायर पट्टीला लावली आणि दोन लोखंडी खुंट्या एका ओळीत, खड्ड्यापासून लांब लांब अंतरावर जमिनीत ठोकल्या. त्यांच्या वायरी यंत्राला जोडल्या आणि दांडी फिरवायला लागली.

काटा पाच ओहमच्या आत यायला हवा होता; आकडा जितका कमी, तितकी विजेला जमिनीत जायची वाट मोकळी. तो ऐंशीच्या पुढे जाऊन थरथरत थांबला.

तिने वायरी तपासल्या, खुंट्या जागा बदलून ठोकल्या, पुन्हा दांडी फिरवली. काटा तिथेच.

“माती कोरडी आहे,” मास्तर म्हणाले. “पाणी घाल.”

बाईंनी बादल्या आणल्या. नरसाळ्यातून पाणी गुडगुडत खाली गेलं. थोडा वेळ थांबून तिने पुन्हा मोजलं. काटा किंचित मागे आला. बादलीभर पाण्याला थेंबभर दाद.

“मग तुझं यंत्रच बिघडलंय.”

हे शक्य होतं. यंत्राची परीक्षा करायची तर ज्याचं माप माहीत आहे असं काहीतरी मोजायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शेजारच्या घरातला खड्डा मास्तरांनीच बांधला होता, ती शाळेत असताना. शेजाऱ्यांना सांगून तिने तिथलं मेन बंद केलं, पट्टी सोडवली आणि मोजलं. काटा दोनवर आला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या खड्ड्याला उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं. यंत्र ठणठणीत होतं.

“बघ,” मास्तर खुशीने म्हणाले, “याला म्हणतात काम.”

“हो बाबा,” ती म्हणाली.

“नव्या खड्ड्याला मुरायला वेळ लागतो. आज ऐंशी आहे, आठवड्याने बघ.” आणि ते रस्त्याकडे चालायला लागले. “मी दवाखान्याकडे जाऊन येतो. त्यांची जागा आखून द्यायचीय.”

नवी भरणी दबते, ओल पसरते, माप थोडं उतरतं, हे खरंच होतं. म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायचा मोह होत होता. पण मुरण्याने ऐंशीचे पाच होत नाहीत. ती खुंट्या गोळा करायला वाकली, आणि तेव्हा तिला भिंतीच्या तळाशी ती रेघ दिसली. उघड्या विटांवर, जमिनीपासून दोन विती वर, काळीभोर सरळ रेघ. लांबी अंदाजे दोन फूट. खाली मातीत तेवढीच दुसरी.

प्लेटची बाजू दोन फुटांची असते. काहीतरी दोन फुटी, चौकोनी, ओल्या काळ्या रंगाने माखलेलं, या भिंतीला टेकून वाळत ठेवलेलं होतं.

तिला नख आठवलं, मनगटावरचा ओघळ आठवला.

“ताई, सही?” बाई मागून म्हणाल्या.

“आज नाही.”

“का हो? काही राहिलंय?”

“माप बसत नाही. उद्या पुन्हा बघते. बाई, तोवर इथे इस्त्री लावू नका. काहीच लावू नका.”

बाईंनी डावी मूठ मिटली. “मी लावते कशाला,” त्या म्हणाल्या. “मला एकदा पुरलं.”

*

खड्डा खणणारा माणूस चहाच्या टपरीवर भेटला. त्याला सगळे घूस म्हणत. हे नाव त्याला इतकं आवडत असे, की खरं नाव विचारलं तर तो थोडा विचार करून सांगे.

“मास्तरांनी प्लेट बसवताना तुम्ही होतात?” तिने विचारलं.

“होतो म्हणजे? दोरीने खाली कुणी सोडली? मीच. उभी धरून कुणी ठेवली? मीच. मास्तर वरून कोळसा, मीठ, कोळसा, मीठ करत होते आणि खाली माझी तोंडभर धुळवड. बाहेर आलो तर बायको ओळखेना.”

“प्लेट कशी होती?”

“प्लेटीसारखी.” मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज उतरला. “काळी होती, ताई.”

“पूर्ण?”

“दोन्ही बाजूंनी. पट्टीचाही खालचा भाग. मास्तरांनी सकाळपासून बसून रंगवली. इतकी छान, कुठे ब्रशचा ओरखडा नाही. मला वाटलं, नवीन पद्धत आली असेल.”

“विचारलं नाहीत?”

“कुणाला, मास्तरांना?” घूस हसला, पण ते हसू ओठांच्या कडेलाच संपलं. “त्यांना कोण विचारणार, ताई? मी मातीतला माणूस. मास्तर म्हणाले दिवस, तर दिवस.”

तिला त्याच्यावर रागावता आलं नाही. सकाळी नखाखालचा रंग तिनेही पाहिला होता, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

दुकानात बसून तिने एका कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर हिशोब केला, विजेचा. इस्त्रीच्या अंगात वीज उतरली, तर ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी, आणि इतक्या जोरात की फ्यूज उडून सगळं बंद पडेल. पाच ओहम असले तर चाळीसेक अँपिअर जातात. फ्यूज टिकत नाही. ऐंशी असले तर तीनसुद्धा धड जात नाहीत. फ्यूजला काही कळतच नाही. इस्त्री चालू राहते, तापत राहते, आणि जो कुणी तिला हात लावेल त्याची वाट बघत राहते. गळती पकडणारा स्विच ती बसवणारच होती. पण तो कधीतरी बिघडतो, आणि त्या दिवशी मागे उभं राहायला खड्डाच असतो. आणि हा खड्डा? पाइप पाणी नेत होता, कोळसा ते धरून ठेवत होता, मीठ वाट करून देत होतं. फक्त प्लेटने कानात बोळे घातले होते.

रात्रीचं जेवण झाल्यावर मास्तर लवकर आडवे झाले. आईने सगळं ऐकून घेतलं. भांडी पुसायचं थांबवलं नाही.

“मग उकरून नवी टाक.”

“टाकणारच आहे.”

“त्यांना कशाला सांगायचं? उद्या सकाळी ते दवाखान्यात असतील. तू घुशीला घेऊन जा, उकर, नवी प्लेट घाल, बुजव. माप बरोबर आलं की ते म्हणतील, बघ, मुरलं. आणि तू म्हण हो.”

“आणि दवाखान्याचा खड्डा?”

आईने एक ताट दोनदा पुसलं. “तोही तू मागाहून बघ.”

“आई, त्यांच्या प्रत्येक कामामागून मी किती दिवस हिंडणार?”

“मी हिंडतेच की,” आई म्हणाली. “गॅस बंद केला का, कडी लावली का, गोळी एकदा घेतली की दोनदा. मी कुणाला सांगत बसते का?”

हे तिला माहीत नव्हतं. आईनेही ते बोलून टाकल्यावर तोंड फिरवलं आणि पुढचं ताट उचललं.

*

शेवटी तिने आईचंच ऐकलं. सकाळी मास्तर दवाखान्याकडे निघाल्याची खात्री करून तिने नवी प्लेट, पट्टी, कोळशाची आणि मिठाची पोती टेम्पोत घातली आणि बाईंच्या घरी गेली. घूस आधीच येऊन चेंबरच्या विटा सोडवत होता.

“परवा मीच पुरलं, आज मीच उकरतोय,” तो म्हणाला. “पोलिसांनी पाहिलं तर मढं शोधायला येतील.”

“बोलू नका, खणा.”

“खणतोय. तोंड आणि फावडं एकदम चालतं माझं.”

बाई दारात उभ्या होत्या. तिने त्यांना खरं सांगितलं होतं, अर्धं. प्लेट बरोबर नाही, दुसरी घालतोय, एवढं. बाईंनी ती कशी बरोबर नाही हे विचारलं नाही, फक्त मागे उभ्या असलेल्या सासूबाईंना म्हणाल्या, “तुम्ही आत बसा. खड्ड्याशी येऊ नका.” सासूबाई अनवाणीच होत्या. त्यांना चप्पल कधी सोसतच नसे.

माती सैल होती, तरी खोली पुरुषाहून जास्त होती, आणि घुशीने कडांना फळ्या लावल्याशिवाय पुढे उतरायला नकार दिला. हळूहळू मातीचा रंग बदलला. आधी भुरकट, मग काळे-पांढरे ओले थर. कालचं पाणी लागून मीठ विरघळत होतं, कोळसा ओला चकचकीत झाला होता. थर एकसारखे, वितीवितीचे, मोजून घातलेले. तिने वाकून ते पाहिले. इतकं नेटकं काम कुणी चुकीचं कसं करू शकतं, असा तो प्रश्न नव्हता. इतकं नेटकं काम चुकीचं असू शकतं, याचीच धास्ती होती. बाहेरून बघून कुणालाच कळलं नसतं.

“आली,” खालून आवाज आला.

घुशीने खालून रेटली, तिने वरून दोरी ओढली, बाईंनीही हात लावला. प्लेट वर आली, जड, काळीभोर, चिखलाखालीही चमकणारी. तिने एका कोपऱ्यावर चाकूने ओरखडलं. रंगाची साल निघाली आणि खाली लोखंडावर चढवलेलं पांढरं जस्त दिसलं, दुकानातून नेलं त्या दिवसाइतकं कोरं. पाण्याचा, मिठाचा, मातीचा त्याला स्पर्शही झाला नव्हता.

आणि तेव्हाच फाटकाची कडी वाजली.

मास्तर आत आले. दवाखान्यातले डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून ते परतले होते, आणि वाटेत बाईंचा खड्डा मुरला का ते बघायला वळले होते. त्यांनी मातीचा ढिगारा पाहिला, खड्डा पाहिला, मग प्लेट पाहिली. ते जवळ आले, उकिडवे बसले, आणि अंगठ्याने प्लेटवरून एक लांब रेघ ओढली. काळ्यावर काळा अंगठा.

“ही कुणी रंगवली?” त्यांनी विचारलं.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात लपवाछपवी नव्हती, ओशाळलेपण नव्हतं. चांगल्या कामाची नासाडी पाहिलेल्या माणसाचा साधा, कोरा राग होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

ती बोलणार होती. पण शब्द जुळायच्या आत घूस खड्ड्यातून अर्धा वर आला, कडेवर कोपरं टेकली आणि म्हणाला, “मी रंगवली, मास्तर. म्हटलं गंजू नये.”

“तू?”

“चुकलं. मला काय कळतंय त्यातलं.”

“कळत नाही तर हात कशाला लावतोस?” मास्तर उठून उभे राहिले. “अरे गाढवा, रंग म्हणजे प्लेटच्या अंगात रेनकोट. डांबरातून वीज जात नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. सांध्यावर लावायचा तो, जिथे बोल्ट आवळतो तिथे, कारण तिथे ओल शिरली तर पकड जाते. बाकी प्लेट उघडी हवी, मातीला, कोळशाला, मिठाला भिडलेली. तिने गंजायचं. हळूहळू गंजत गंजतच ती वीस वर्षं काम करते. गंजाला घाबरून तिला गुंडाळून ठेवलीस, तर ती टिकेल शंभर वर्षं, पण कुणाच्या उपयोगाची? या बाईंच्या हाताला काही झालं असतं म्हणजे?”

एक शब्द चुकला नव्हता. ती ऐकत राहिली. याहून नीट तिला स्वतःला सांगता आलं नसतं, आणि मास्तर इतके नीट बोलत होते, की एक क्षणभर तिला वाटलं, खरंच घुशीनेच केलं असेल, आपणच काहीतरी चुकीचं समजलो असू. तसं असतं तर किती बरं झालं असतं. आईला फोन करून सांगता आलं असतं.

घूस मान खाली घालून ऐकत होता. मातीने भरलेल्या हाताने त्याने नाक पुसलं. त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत स्पष्ट होतं: राहू द्या, ताई, माझं काय जातंय.

“बाई,” मास्तर शिवणवाल्या बाईंकडे वळले, “माफ करा. माझ्या देखरेखीखाली झालं, म्हणजे चूक माझीच. मी अशा माणसाच्या हातात काम दिलं. आता हा खड्डा मी स्वतः भरतो. आणि दवाखान्याचा उद्या मी एकटाच करणार, कुणाला बोटही लावू देणार नाही.” मग घुशीला, “तू उद्या येऊ नकोस. परवाही नको. तुझ्यावर आता माझा भरवसा नाही.”

“बरं,” घूस म्हणाला.

बाई कुणाकडे बघत नव्हत्या. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्या पांढुरक्या डागावरून फिरवला, एकदा, दोनदा. परवा सकाळभर त्या याच दारात उभ्या असणार. प्लेट कुणी रंगवली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. त्याही गप्प होत्या. सगळेच मास्तरांवर माया करत होते. आणि ती सगळी माया मिळून त्या बाळंतिणींच्या दवाखान्यात, जिथे फरशी सतत ओली असते, एक काळी प्लेट पुरायला निघाली होती.

मास्तरांनी नवी प्लेट उचलायला हात घातला.

“बाबा, थांबा,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमचा अंगठा बघा.”

त्यांनी हात उलटा करून पाहिला. अंगठा पाहिला, पेरं पाहिली, मनगटावरचा ओघळ पाहिला. मग प्लेटकडे पाहिलं, आणि पुन्हा हाताकडे. माप घेताना बघतात तसं, एकदा इकडे, एकदा तिकडे. त्यांचं तोंड किंचित उघडलं.

“सांध्याला लावला असेन,” ते हळू म्हणाले.

“सांध्याला एवढा लागत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

घूस खड्ड्यातून म्हणाला, “ताई, जाऊ द्या ना.”

“नाही, दादा. तुम्ही नाही रंगवली. तुमचं काम जाऊ नये.” ती खाली बसली, बाबांच्या समोर, मधे ती प्लेट. तिने तयार केलेली मऊ वाक्यं एकामागून एक आठवली, आणि तिने ती तशीच जाऊ दिली. “प्लेट तुम्ही रंगवलीत, बाबा. परवा सकाळी, त्या भिंतीशी बसून. तुम्हाला आठवत नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्हाला येतं सगळं. आत्ता तुम्ही जे बोललात त्यातलं अक्षर चुकलेलं नाही. पण हात काय करून बसतात, ते तुमच्या लक्षात राहत नाही.”

अंगठ्याच्या नखाने मास्तर प्लेटवरचा रंग खरवडत होते, तिने जिथे ओरखडा काढला होता त्याच कोपऱ्यावर. जस्ताचा तुकडा थोडा मोठा झाला.

“दवाखान्याचा खड्डा मी भरते. हे माझ्याबरोबर असतील,” ती घुशीकडे बघून म्हणाली. मग तिने बाबांचा तो काळा हात आपल्या हातात घेतला, कारण तो थांबत नव्हता, आणि इतके दिवस अडलेलं ते वाक्य सरळ, जसं होतं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं:

“आजपासून तुम्ही काम थांबवायचं, बाबा.”